तीस वर्षं पुरेल असं हँडल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा फॉर्म भरताना पाच मिनिटांत घेतलेला ईमेल पत्ता पुढे बँकेत, पीएफमध्ये, म्युच्युअल फंडात आणि मुलांच्या शाळेच्या अर्जावर जातो. आमच्या घरात आणि ओळखीपाळखीत असे पत्ते निवडून देण्याचं, आणि चुकलेले निस्तरण्याचं, काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं. तेव्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातली ऋतुजा काल्पनिक आहे, तिच्या अडचणी मात्र रोजच्या आहेत.

हँडल म्हणजे नक्की काय? माझं नाव आणि हँडल वेगळं कसं?

ईमेलमध्ये @ च्या आधी येतो तो भाग, आणि इन्स्टाग्राम, एक्स, प्रोग्रॅमरांचं गिटहब, यूट्यूब यांवर तुमच्या पानाच्या लिंकमध्ये दिसतं ते नाव, म्हणजे हँडल. त्याच्या शेजारी किंवा वर ठळक अक्षरांत दिसतं ते दर्शनी नाव. ते कधीही, कसंही बदलता येतं. त्यात देवनागरी चालते, आडनाव घालता-काढता येतं.

२०१९च्या निवडणुकीच्या आधी पंतप्रधानांनी ट्विटरवर आपल्या नावाआधी ‘चौकीदार’ लावलं आणि निकालाच्या दिवशी काढलं. तेवढ्या काळात हँडल @narendramodi हेच होतं, त्यामुळे एकही जुनी लिंक तुटली नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एका फरकावर उभी आहेत. बदलणारं सगळं दर्शनी नावात जाऊ द्या आणि हँडलमध्ये न बदलणारं तेवढंच ठेवा.

पण हँडल नंतर बदलता येतंच ना? मग आत्ता एवढा विचार कशाला?

बऱ्याच ठिकाणी येतं. अडचण बदलण्यात नसते. तुम्ही सोडलेलं जुनं नाव पुढे कोणाच्या हाती जातं, तिथे खरी भानगड असते.

इन्स्टाग्रामवर नाव बदललं की जुनं नाव साधारण चौदा दिवस तुमच्यासाठी राखून ठेवलं जातं, नंतर ते दुसऱ्याला घेता येतं. गिटहबवर नाव बदललं तर तुमच्या प्रकल्पांच्या जुन्या लिंक नव्या जागी वळवल्या जातात. पण त्या जुन्या नावाने दुसऱ्या कोणी खातं उघडून त्याच नावाचा प्रकल्प तयार केला, की ते वळवणं थांबतं आणि तुमच्या जुन्या लिंकवर आलेला माणूस त्याच्या दारात जातो. तुमच्या प्रोफाइलची जुनी लिंक तर लगेचच बंद पडते. तुम्ही कुठल्या लेखात, बायोडेटात, छापील कार्डावर ती दिली असेल, तर ते कार्ड आता परक्याची जाहिरात करतं.

ईमेलमध्ये हे जास्त महागात पडतं. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं परत वाटायला काढली. ज्यांना ती मिळाली त्यांच्यापैकी काहींच्या इनबॉक्समध्ये आधीच्या मालकाची पत्रं येऊ लागली. खात्यांची माहिती, भेटीच्या वेळा, वैयक्तिक मजकूर, सगळंच. आधीच्या मालकाने आपला पत्ता बँकेत किंवा दुकानात बदललेला नव्हता, आणि पाठवणाऱ्याला माणूस बदलल्याचं कळायचं काही कारण नव्हतं. ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबलं की येणारी लिंकही याच वाटेने दुसऱ्याकडे जाते.

जीमेलचं धोरण याच्या उलट आहे. तिथे खातं पुसलं की ते नाव पुन्हा कोणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलंच. पण ‘हे जरा बरं दिसत नाही, पुसून पुन्हा घेऊ’ असं करायला गेलात तर ते नाव कायमचं गेलं.

हँडलमध्ये काय अजिबात घालू नये?

जन्मसाल घालू नका. पंचविशीत ते निरागस दिसतं. पंचेचाळिशीत नोकरी बदलताना अर्जाच्या पहिल्याच ओळीत वय सांगून मोकळं होतं. शिवाय बँका आणि विमा कंपन्या ओळख पटवायला जन्मतारीखच विचारतात, तिचा एक तुकडा आपण होऊन कशाला द्यायचा? पासआउट होण्याचं सालही त्यातलंच. नाव मिळत नाही म्हणून शेवटी चालू साल चिकटवायचं ही तर फारच जुनी खोड आहे. त्या आकड्याला दहा वर्षांनी काहीच अर्थ उरत नाही आणि फोनवर सांगताना मात्र तो दर वेळी सांगावा लागतो.

गावाचं नाव वापरायचं तर ते आडनावात असेल तेवढंच पुरे. ‘punekar’, ‘nagpur’ अशी जोड बेंगळुरूला किंवा डब्लिनला गेल्यावर उगाच खुलासा मागते.

पदवी आणि हुद्दा याबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. ‘dr’, ‘adv’, ‘ca’ लावलं की ओळख लगेच पटते, हे खरं. व्यवसायाचं वेगळं खातं असेल तर खुशाल लावा. पण घरच्या, आयुष्यभराच्या पत्त्यात नको. माणसं वकिली सोडून शेती करतात, डॉक्टर होऊन रुग्णालयाच्या प्रशासनात जातात, सीए कॅफे काढतात. आणि पद तर मुळात आपलं नसतंच. मे २०१४ मध्ये पंतप्रधान कार्यालयात सत्तांतर होताना जुन्या कार्यालयाने @PMOIndia या खात्याचं नाव बदलून @PMOIndiaArchive केलं आणि त्या खात्यावर हक्क कोणाचा यावर जाहीर वाद झाला. पदाचं हँडल पदाबरोबर जातं. तुमच्या कंपनीच्या नावाचं हँडलही तसंच, आणि कंपनीचा ईमेल तर राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. त्या पत्त्यावर डीमॅट किंवा पीएफ जोडलेला असेल तर मग एचआरच्या मागे धावत बसा.

लग्नानंतर आडनाव बदललं तर? बायकांनी हँडल कसं निवडावं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. काही घरांत अजूनही तांदळात नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतात, मग ते कागदोपत्री जावो न जावो. म्हणजे ‘नाव, मधलं नाव, आडनाव’ या तिन्हींपैकी दोन हमखास डळमळीत, आणि तिसरंही क्वचित. उलट बाजूने घटस्फोट, पुनर्विवाह, किंवा चाळिशीत माहेरचं आडनाव पुन्हा लावावंसं वाटणं हेही आहेच. लग्नाने आपोआप कागद बदलत नाहीत. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद घेऊन प्रत्येक कागद स्वतः बदलून घ्यावा लागतो, आणि अनेक जणी ते कधीच करत नाहीत. त्यामुळे एकाच बाईचं पॅनवर एक आडनाव, घराच्या करारावर दुसरं आणि सोसायटीच्या पाटीवर तिसरं असं सर्रास असतं.

म्हणून माझं ठाम मत: हँडल पहिल्या नावावर उभं करा आणि आडनाव त्यात आख्खं घालू नका. घालायचंच तर एक तुकडा, तोही असा की संदर्भ सुटला तरी तो नुसती अक्षरं म्हणून राहील.

दोन्ही आडनावं लावणाऱ्यांनी ती दर्शनी नावात लावावीत. माधुरी दीक्षित यांचं एक्सवरचं हँडल @MadhuriDixit आहे आणि इन्स्टाग्रामवरचं @madhuridixitnene. त्यांना दोन वेगळी हँडलं परवडतात, कारण लोक त्यांना शोधून काढतात. आपल्याला कोणी शोधत नाही. आपण सांगितलेला पत्ता चुकला की पत्र गेलंच.

संशोधनात असलेल्या मैत्रिणींसाठी एक वेगळी सोय आहे. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाची संस्था प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक देते. लग्नाआधीचे आणि नंतरचे शोधनिबंध वेगळ्या आडनावांनी छापले असले तरी ते एकाच क्रमांकाखाली येतात. पीएचडीला नाव नोंदवलं की त्याच आठवड्यात तो काढून ठेवावा, फुकट आहे.

मग पुरुषांनी निर्धास्त राहावं का?

आडनावाच्या बाबतीत बऱ्यापैकी. पण तिथे दुसरी अडचण असते, गर्दीची. पाटील, जाधव, शिंदे, देशमुख यांच्या साध्या जोड्या जीमेलवर केव्हाच संपल्या. ज्याला बिनआकड्याचा पत्ता लवकर मिळाला, त्याच्याकडे आज बाकीच्या नावबंधूंची वीजबिलं, रेल्वे तिकिटं आणि मुलांची प्रगतिपुस्तकं येतात, कारण आपल्या पत्त्यातला आकडा लोक स्वतःच विसरतात. अशा ‘राजेशाही’ पत्त्याचा हेवा करू नका. तो चालवणारे रोज कोणाची तरी पत्रं पुसत बसलेले असतात.

इंग्रजी स्पेलिंग कोणतं धरावं?

दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच. बाकी सगळे कागद त्याच्याशी ताडून पाहिले जातात. पासपोर्ट, पॅन आणि हँडल यांत एकच स्पेलिंग असलं की विचारणाऱ्याला दोनदा सांगावं लागत नाही.

तरी मराठी नावं रोमनमध्ये लिहिताना काही अक्षरं कायमची दगा देतात. ‘ऋ’चं ru, ri, hru, hri काहीही होतं, हृषीकेश नावाच्या चार मुलांची चार स्पेलिंगं असतात. ‘ज्ञ’ आपण dny लिहितो आणि महाराष्ट्राबाहेर लोक gy शोधतात. ‘फ’ला ph की f, ‘व’ला v की w, वाघ, वझे, वैद्य सगळ्यांना विचारून बघा. ‘ळ’ आणि ‘ल’ तर रोमनमध्ये एकच, काळे आणि काले यांचा पत्ता सारखाच दिसतो.

तुमच्या नावात असं एखादं अक्षर असेल आणि ते टाळता येत असेल तर टाळा. आडनावात असेल तर आडनावच वगळा. पहिल्या नावात असेल तर इलाज नाही, तिथे दुसरं शक्य स्पेलिंगही मोकळं असेल तर तेही घेऊन ठेवा आणि त्याची पत्रं मुख्य पत्त्यावर वळवा. मात्र तेही खातं जिवंत ठेवावं लागतं, त्याबद्दल शेवटी सांगतो.

एक इशारा परदेशी जाणाऱ्यांना. काही संकेतस्थळांच्या गाळण्या इंग्रजीतली शिवी शोधताना नावाच्या मधली अक्षरंही धरतात. दीक्षित आडनाव Dikshit असं लिहिणाऱ्यांचे अर्ज त्यामुळे अडकलेले आहेत. Dixit लिहिणारे त्यातून सुटतात. आद्याक्षरं आणि नाव जोडून लिहिल्यावर मध्येच भलताच शब्द तयार होत नाही ना, हे एकदा इंग्रजी वाचून बघा, आणि एकदा हिंदी म्हणूनही.

टिंब, अंडरस्कोर, आकडे: काय चालेल?

जीमेलला टिंबाने काहीच फरक पडत नाही. `rutuja.ksh` आणि `rutujaksh` हा एकच पत्ता. टिंब घालून ‘वेगळं’ नाव मिळेल अशी आशा ठेवू नका. दुसऱ्या सेवांत मात्र टिंब हे खरं अक्षर मानलं जातं, म्हणून सगळीकडे एकच हँडल हवं असेल तर टिंब टाळलेलं बरं. अंडरस्कोर एक्स आणि इन्स्टाग्रामवर चालतो, पण जीमेलमध्ये आणि गिटहबवर चालत नाही. गिटहब फक्त आडवी रेघ घेतं, जी एक्स घेत नाही. या सगळ्यांत समान काय? नुसती अक्षरं आणि आकडे. आणि आकडे तर आपण वगळलेच.

फोनवर सांगून बघणं ही सगळ्यांत कडक परीक्षा. गॅस एजन्सीच्या काउंटरवर किंवा दवाखान्याच्या रिसेप्शनवर, मागे टीव्ही चालू असताना, ‘एम मुंबईचा, एन नाशिकचा, डी दिल्लीचा’ असं करत तुम्हाला तो पत्ता सांगायचा असतो. समोरचा माणूस तो एका बोटाने टाइप करत असतो. अंडरस्कोर म्हटलं की तो आडवी रेघ मारतो. शून्य म्हटलं की ओ टाकतो. दोन ‘ए’ म्हटलं की ‘डबल ए’ की ‘टू ए’ यावर अडतो. घरातल्या सत्तरीच्या माणसाला फोन करून एकदा पत्ता सांगा आणि त्याने लिहिलेला वाचून दाखवायला लावा. एका दमात बरोबर आला तरच पुढे जा.

मला हवं ते नाव मिळतच नाही. एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

समजा, साताऱ्याची ऋतुजा दीपक क्षीरसागर. वय सतरा, सीईटीचा फॉर्म भरायचाय, मार्कशीटवर Rutuja Deepak Kshirsagar.

तिची पहिली उडी `rutujakshirsagar`. दिसायला छान, पण ही सोळा अक्षरं आहेत आणि एक्सवर पंधराच चालतात. म्हणजे तिथे आत्ताच वेगळं हँडल घ्यावं लागणार. त्यात ‘क्षी’चं स्पेलिंग कोणी kshi, कोणी kshee लिहितं. आणि आडनाव तर बदलण्याची शक्यता आहेच. बाद.

मैत्रिणीने सुचवलं `rutuja2008`. साल बाद, हे वर झालंच. `rutujasatara` गाव म्हणून बाद. `rutuja.deepak` मला सुरुवातीला बरं वाटतं, कारण वडिलांचं नाव सुंदर, लहान आणि सोपं आहे. पण पुढे मधलं नाव बदललं तर ‘दीपक म्हणजे मिस्टर का?’ असं आयुष्यभर ऐकावं लागेल. शिवाय १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. ऋतुजाला तो नियम लागू नाही, पण मधलं नाव किती सहज हलतं हे त्यावरून दिसतं.

`mirutuja`, म्हणजे ‘मी ऋतुजा’. आठ अक्षरं, सांगायला सोपं. इन्स्टाग्रामसाठी मला फार आवडलं असतं. पण ‘मी’ला mi की mee हा प्रश्न उरतोच, आणि न्यायालयात सादर होणाऱ्या कागदावर ते जरा लाडिक वाटेल.

उरतात दोन. `rutujadk`, म्हणजे नाव आणि पुढे दोन आद्याक्षरं. हा प्रकार टिकतो. सचिन तेंडुलकर यांचं हँडल @sachin_rt आहे, रमेश आणि तेंडुलकर यांची आद्याक्षरं, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. फक्त फोनवर डी आणि टी, के आणि जे यांचा घोळ होतो. दुसरं `rutujaksh`: आडनावाची पहिली तीन अक्षरं. नऊ अक्षरं, सगळ्या सेवांच्या मर्यादेत बसतात. ksh म्हणजे काय हे माहीत असलेल्याला क्षीरसागर आठवतं. उद्या ती गोखले किंवा फर्नांडिस झाली किंवा काहीच झाली नाही, तरी त्या तीन अक्षरांचा खुलासा कोणी मागणार नाही. मी तिला हेच घ्यायला सांगेन.

घेण्याआधी एक काम. त्याच दिवशी एकाच बैठकीत जीमेल, इन्स्टाग्राम, एक्स, लिंक्डइन आणि ती संगणकात जाणार असेल तर गिटहब, अशा सगळ्या ठिकाणी ते मोकळं आहे का बघायचं आणि मग सगळीकडे घेऊन टाकायचं. एका ठिकाणी घेऊन बाकीचं ‘लागेल तेव्हा बघू’ म्हटलं की नेमकं हवं तिथे ते कोणीतरी घेतलेलं असतं. एखाद्या ठिकाणी मिळालं नाही तर दोन आद्याक्षरांवर जा आणि पुन्हा सगळीकडे तपासा. जीमेलला किमान सहा अक्षरं लागतात, म्हणून ‘अनु’, ‘ओम’ अशा लहान नावांना शेपूट लावावंच लागतं.

टोपणनाव किंवा कल्पित नाव चालेल?

लिखाणासाठी, गेमिंगसाठी, राजकीय मतं मांडण्यासाठी जरूर, पण ते खातं वेगळ्या ईमेलवर उघडा. एकाच पत्त्यावर दोन्ही चालवलं तर कधी ना कधी ‘तुमच्या ओळखीचे लोक’ या यादीत तुमचं गुपित साहेबांना दिसतं.

देवनागरीत हँडल ठेवता येईल का?

डोमेन, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या नंतर येतो तो भाग, ठेवता येतं. ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि त्यात मराठी बसते. देवनागरी ईमेल पत्तेही तांत्रिकदृष्ट्या शक्य आहेत. पण कितीतरी अर्जांचे रकाने आजही ते ‘अवैध पत्ता’ म्हणून परत टाकतात. दर्शनी नाव देवनागरीत ठेवा, मी ठेवलंय, छान दिसतं. एकमेव पत्ता म्हणून देवनागरी आत्ता तरी नको.

स्वतःचं डोमेन घेणं शहाणपणाचं का?

ज्यांचं काम नावावर चालतं, म्हणजे वास्तुविशारद, लेखक, छायाचित्रकार, सल्लागार, त्यांच्यासाठी होय. मोठा फायदा असा की सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. आज एका कंपनीकडे असलेली टपाल व्यवस्था उद्या दुसरीकडे नेता येते आणि कोणाला काही कळवावं लागत नाही. ज्यांनी एका काळी व्हीएसएनएल या जुन्या सरकारी इंटरनेट कंपनीचा पत्ता कार्डावर छापला होता त्यांना याची किंमत विचारा.

पण ‘स्वतःचं’ हा शब्द फसवा आहे. डोमेन भाड्याचं असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं. नूतनीकरण चुकलं तर सहसा काही आठवडे सवलत मिळते. .comच्या बाबतीत त्यानंतर तीस दिवसांची मुदत असते, तिच्यात दंड भरून ते परत मिळतं, आणि मग ते बाजारात येतं. ज्याने घेतलं त्याला तुमची सगळी पत्रं मिळतात, बँकेची पासवर्ड बदलण्याची लिंकही. म्हणजे वर सांगितलेली याहूची कथाच, फक्त या वेळी चूक तुमच्या क्रेडिट कार्डाची मुदत संपल्याची. त्यामुळे दहा वर्षांचे पैसे एकदम भरा, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच डोमेनच्या पत्त्यावर मागवू नका. डोमेन बंद पडलं की ती सूचनाही पोहोचत नाही. ती जीमेलवर किंवा नवरा-बायकोपैकी दुसऱ्याच्या पत्त्यावर जाऊ द्या.

आणि डोमेनमध्ये आख्खं आडनाव घातलंत तर आडनावाचा प्रश्न पुन्हा दारात उभा. घरातल्या सगळ्यांसाठी एकच आडनावाचं डोमेन घेण्याची कल्पना वडिलांना फार आवडते. लेकीला विचारून घ्या.

माझा पत्ता आधीच बिघडलेला आहे. आता चाळिशीत बदलावा का?

फक्त लाज वाटते म्हणून असेल तर आधी थांबा. गूगलने जीमेलचा पत्ता बदलण्याची सोय टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली आहे. तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ती दिसत असेल तर जुना पत्ताही तुमच्याकडेच राहतो आणि त्यावरची पत्रं येत राहतात. ती वारंवार करता येत नाही, तेव्हा नवं नाव वरच्या परीक्षांतून काढून मगच बटण दाबा.

ती सोय नसेल किंवा पत्ता दुसऱ्या सेवेचा असेल तर नवं खातं उघडा, जुन्यावरची सगळी पत्रं नव्याकडे वळवा आणि मग सावकाश एकेक ठिकाण बदला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बँक आणि डीमॅट, मग आयकर पोर्टल, पीएफ, आधार, विमा, म्युच्युअल फंड. नंतर महावितरण, गॅस, शाळा. दुकानं आणि बातमीपत्रं शेवटी, किंवा नाहीच. बऱ्याच ठिकाणी ‘पर्यायी पत्ता’ असा आणखी एक रकाना असतो, तिथेही जुनाच बसलेला असतो. तो विसरू नका.

काय राहिलं हे कसं कळणार? नव्या जीमेलच्या शोधपेटीत महिन्यातून एकदा हे टाका, अर्थात आपला जुना पत्ता घालून:

```
to:juna.patta@example.com newer_than:30d
```

जे पत्र यात दिसेल ते पाठवणाऱ्याकडे पत्ता बदलायचा राहिलाय. हे किमान एक वर्ष करा. विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, डोमेनचं नूतनीकरण अशी पत्रं वर्षातून एकदाच येतात आणि नेमकी तीच महागाची असतात. सहा महिने शांतता आहे म्हणून जुनं खातं बंद करणारे लोक सातव्या महिन्यात फोन करतात.

जुनं खातं पुसू नकाच. ते नुसतं पडून राहू द्या.

पडून राहिलेलं खातं किती दिवस टिकतं?

गूगल दोन वर्षं कोणीच न उघडलेलं वैयक्तिक खातं काढून टाकू शकतं. हे धोरण २०२३ मध्ये आलं. मायक्रोसॉफ्टची मुदतही दोन वर्षांची आहे. पत्रं नव्या खात्याकडे वळतायत एवढ्यावर विसंबू नका, त्या खात्यात स्वतः लॉगिन करायला हवं. जादाचं स्पेलिंग म्हणून घेऊन ठेवलेलं खातंही याच नियमात येतं. दर दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या खात्यांत एकदा शिरून यायचं, असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

आणि मी गेल्यावर?

गूगलमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ म्हणून एक जागा आहे. खातं किती महिने बंद राहिलं की कळवायचं (तीनपासून अठरापर्यंत) आणि कोणाला कळवायचं (दहा जणांपर्यंत), हे तिथे आधी ठरवून ठेवता येतं. त्यातला कोणता भाग त्यांना मिळावा तेही. घरातल्या कर्त्या माणसाच्या पत्त्यावरच सगळ्या पॉलिसी असतात, म्हणून निदान त्याने तरी हे भरावं. भरताना जोडीदाराचा पत्ता द्याल तेव्हा तो ऑफिसचा नाही ना, तेवढं बघा.